उघडलेला ज्यूस, सोया दूध आणि नारळाचे दूध फ्रिजमध्ये किती दिवस चालते?

प्रश्न: रविवारी संध्याकाळी आमच्याकडे तीन टेट्रा पॅक उघडले. एक लिटर संत्र्याचा ज्यूस, एक लिटर सोया दूध आणि कोळंबीच्या कालवणासाठी २०० मिलीचे नारळाचे दूध, त्यातले निम्मे उरले. तिन्ही फ्रिजच्या दारात ठेवले आहेत. आज शुक्रवार. पॅकवरची मुदत अजून बरेच महिने आहे आणि वासही वाईट येत नाही. वापरावेत का? नारळाचे दूध चांगले उकळून घेतले तर चालेल का? सून गरोदर आहे म्हणून विचारते.

उत्तर:

तुमच्या तीन पॅकांचा निर्णय आधी सांगतो आणि कारणे नंतर. संत्र्याच्या ज्यूसला कोणी तोंड लावलेले नसेल आणि तो फसफसत नसेल, तर घरातल्या धडधाकट माणसांनी तो आज संपवावा. उद्यावर ठेवू नये. सोया दूध एरवी मी चौथ्या दिवसापर्यंत वापरू दिले असते, परंतु पाच दिवस दारात राहिलेले ते टाकून द्यावे. नारळाचे दूध उकळून किंवा न उकळता, कोणत्याही प्रकारे वापरू नये. सूनबाईंना यांपैकी काहीही देऊ नका. त्यांच्यासाठी नवा पॅक उघडा आणि तो उघडल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी द्या.

पॅकवर छापलेली मुदत ही बंद पॅकची असते, ही गोष्ट बहुतेक घरांत लक्षात घेतली जात नाही. असे पॅक भरणाऱ्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे ती मुदत कशावर उभी असते ते थोडे सविस्तर सांगतो. सोया दूध किंवा नारळाचे दूध १३५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत काही सेकंदच तापवले जाते आणि लगेच थंड केले जाते. पॅकचा कागद हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक करतात आणि भरण्याचे काम निर्जंतुक हवेच्या बंद कप्प्यात होते. त्यानंतर प्रत्येक खेपेतले काही पॅक मुद्दाम उबदार खोलीत दिवसेंदिवस ठेवून, मग उघडून, त्यांची आम्लता आणि वास तपासले जातात. आत एखादा जिवंत जंतू राहिला असेल तर तो तिथे वाढून स्वतःला उघडा पाडतो. म्हणजे हे दूध आठ-दहा महिने टिकते ते त्यात काही टिकाऊ पदार्थ घातला आहे म्हणून नव्हे, तर आत वाढायला कोणी शिल्लकच नाही म्हणून. आपण झाकण फिरवतो किंवा कोपरा कात्रीने कापतो त्या क्षणी ही अवस्था संपते. हवेतून, बोटांवरून, कात्रीच्या पात्यावरून, पॅकच्या वरच्या धुळीतून थोडे जंतू आत जातात आणि तिथून मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून पॅकवरची तारीख पुढच्या वर्षीची असो किंवा पुढच्या महिन्याची, उघडल्यानंतर किती दिवस हे त्यावरून ठरत नाही.

मग ते कशावरून ठरते? मुख्यतः दोन गोष्टींवरून: पेय किती आंबट आहे आणि ते प्रत्यक्षात किती थंड राहिले आहे.

आंबटपणा पीएच या आकड्याने मोजतात. आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात ४.६ ही सीमारेषा मानली जाते, कारण त्याखाली बोट्युलिझम हा लकवा आणणारा विकार घडवणारा जंतू वाढू शकत नाही आणि आजार पसरवणाऱ्या इतर बहुतेक जंतूंचीही वाढ अडते. संत्र्याचा ज्यूस साधारण साडेतीन ते चारच्या आसपास असतो. सफरचंद, अननस, द्राक्ष, डाळिंब हेही रेषेच्या खालीच आहेत. पिकलेल्या आंब्याचा रस चारच्या जवळपास असतो आणि फार पिकलेल्या फळाचा त्याहून वर सरकू शकतो, म्हणून कंपन्या त्यात सायट्रिक आम्ल घालतात. घटकांच्या यादीत ‘आम्लता नियामक ३३०’ असे लिहिलेले असते ते हेच. याउलट सोया दूध सातच्या आसपास म्हणजे जवळजवळ आंबट नसलेले, आणि नारळाचे दूध सहाच्या आसपास असते. जंतूंच्या दृष्टीने ही दोन्ही दुधे गाई-म्हशीच्या दुधाच्या पंक्तीला बसतात. गाईचे उघडे दूध पाच दिवस दारात ठेवून आपण बिनधास्त पिणार नाही, मग पॅक आकर्षक आहे म्हणून सोया दुधाला वेगळा न्याय देण्याचे कारण नाही.

‘ज्यूस’ हा शब्द लेबलवर असला म्हणजे पेय आंबट असेलच असे मात्र समजू नका. गाजर, कलिंगड, ऊस आणि नारळपाणी हे सगळे त्या रेषेच्या वर आहेत. २००६ साली अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा जणांना बाटलीबंद गाजराच्या रसातून बोट्युलिझम झाला होता. तो रस पाश्चरीकरण केलेला होता, परंतु त्या उष्णतेने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. रस पुरेसा थंड राहिला नाही आणि आंबटपणाचे संरक्षण तर नव्हतेच. अशा पेयांना उघडल्यानंतर दोन दिवसांपेक्षा अधिक मुदत मी देत नाही.

आंबट ज्यूस बिघडतो तो प्रामुख्याने यीस्ट आणि बुरशी यांच्यामुळे, कारण त्यांना आम्लाची फारशी अडचण वाटत नाही आणि थंडीतही त्या हळूहळू वाढतात. यातली जमेची बाजू अशी की हा बिघाड सहसा स्वतःची वर्दी देतो. झाकण उघडताना ‘फिस्स’ असा आवाज येतो, पॅकच्या बाजू फुगलेल्या लागतात, जिभेला चुरचुर जाणवते, वासात दारूची किंवा आंबलेल्या फळाची छटा येते. संत्र्याच्या ज्यूसला कधी कधी ताकासारखा, लोण्यासारखा वास येतो. तो आम्लात तग धरणाऱ्या लॅक्टिक जंतूंचा असतो. पॅकच्या तोंडाशी किंवा झाकणाच्या आत ठिपका दिसला, ग्लासात मऊ गोळा पडला, तर ती बुरशी आहे. ती गाळून उरलेला ज्यूस पिण्याची पद्धत काही घरांत दिसते. ती सोडून द्यावी, कारण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या गोळ्याच्या बाहेरही पसरलेले असतात आणि काही बुरशी, विशेषतः सफरचंदावरच्या, विषारी द्रव्ये तयार करतात. यांपैकी काही नसेल आणि पॅक नीट थंड राहिला असेल, तर अशा ज्यूससाठी पाच दिवस हा माझा आकडा आहे. अमेरिकेतील मार्गदर्शक कोष्टकांत सात ते दहा दिवस दिलेले आढळतात आणि ते चुकीचे नाहीत. परंतु त्यामागे सतत चार अंशांचा फ्रिज, घट्ट झाकण आणि थेट पॅकला कोणी तोंड लावत नाही, एवढ्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. लेबलवर ‘उघडल्यानंतर तीन दिवसांत संपवा’ असे लिहिले असेल तर तो आकडा पाळावा, कारण त्या ज्यूसमध्ये काय आहे हे उत्पादकाला आपल्यापेक्षा अधिक माहीत असते. दुकानातल्या फ्रिजमध्येच विकल्या जाणाऱ्या, थोड्या मुदतीच्या ज्यूसच्या बाटल्या या हिशेबात धरू नका. त्या कमी तापवलेल्या असतात आणि उघडल्यावर तीन दिवसांच्या आत संपवाव्यात.

सोया दुधाची अडचण वेगळी आहे. त्यातही आंबट होणे, गुठळ्या येणे, ओतताना तार धरणे अशी बिघाडाची लक्षणे दिसतात आणि दिसली की दूध टाकून द्यायचे असते, यात शंका नाही. परंतु तुमच्या घराच्या दृष्टीने महत्त्वाचा जो जंतू आहे, लिस्टेरिया, तो वास, रंग किंवा चव काहीही न बदलता वाढतो, आणि तोही फ्रिजच्या थंडीत. धडधाकट माणसाला त्याचा त्रास बहुधा सौम्य होतो. गरोदर स्त्रीला मात्र साध्या ताप-अंगदुखीसारखी लक्षणे येऊन गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण होऊ शकते, आणि ही लक्षणे दूषित अन्न पोटात गेल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही दिसू शकतात. वनस्पतिजन्य दुधात हे होत नाही असा समज असेल तर तो काढून टाकावा. २०२४ साली कॅनडात फ्रिजमध्ये विकल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य दुधांतून लिस्टेरियाची साथ आली. २० जण आजारी पडले आणि त्यांतले तिघे दगावले. तिथे जंतू कारखान्यातच शिरला होता, आपल्याकडे तो स्वयंपाकघरात शिरू शकतो, एवढाच फरक.

इथेच दुसरा मुद्दा, म्हणजे थंडपणा, निर्णायक ठरतो. गाईच्या दुधावर झालेल्या जुन्या प्रयोगांत असे दिसले की चार अंशांना लिस्टेरियाची संख्या दुप्पट व्हायला साधारण ३० ते ४५ तास लागतात, तर आठ अंशांना ९ ते १४ तासच पुरतात. सोया दुधाला हे आकडे तंतोतंत लागू होतील असे नाही, पण तुमच्या रविवार ते शुक्रवारचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पाच दिवस म्हणजे १२० तास. चार अंशांना दुप्पट होण्यास ३६ तास धरले, तर या काळात संख्या तीन वेळा आणि थोडी अधिक दुप्पट होते, म्हणजे मुळाच्या दहापट. आठ अंशांना १२ तास धरले, तर ती दहा वेळा दुप्पट होते आणि मुळाच्या हजारपट होते. पॅक तोच, दिवस तेवढेच, फरक केवळ चार अंशांचा. म्हणून ‘किती दिवस’ या प्रश्नाला ‘कोणत्या कप्प्यात’ हा प्रतिप्रश्न विचारल्याशिवाय मी उत्तर देत नाही.

दाराचा कप्पा हा फ्रिजमधला सर्वांत उबदार भाग असतो. पाणी, भाजी, दही, लिंबू यांसाठी दिवसातून पंचवीस-तीस वेळा दार उघडणाऱ्या घरात, त्यातही एप्रिल-मे महिन्यांत, दारातल्या वस्तू आतल्या फळीपेक्षा सहज काही अंश गरम असतात. कंपन्यांनी दाराच्या खणांची उंची नेमकी एक लिटरच्या पॅकला साजेशी का ठेवावी, हे मला कधी उमगले नाही. आपला फ्रिज किती थंड आहे हे पाहायचे असेल तर फ्रिजवरच्या आकड्यावर विसंबू नका. अनेक फ्रिजांच्या गोल बटणावरचे एक ते पाच किंवा सात हे आकडे अंश नसतात, मोठा आकडा म्हणजे अधिक थंडावा एवढाच त्यांचा अर्थ. साधा फ्रिज थर्मामीटर घ्यावा, तो ग्लासभर पाण्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा आणि सकाळी दार उघडताक्षणी वाचावा. दुसऱ्या रात्री तोच ग्लास दारात ठेवून पाहा. मधल्या फळीवर चार ते पाच अंश दिसले तर मी देत असलेले दिवस लागू पडतात. आठ-दहा दिसले तर बटण वाढवा, आणि ते खाली येईपर्यंत सोया दुधाचे दोन आणि नारळाच्या दुधाचा एकच दिवस धरा. मधल्या फळीवर, मागच्या बाजूला, घट्ट झाकणाने ठेवलेल्या सोया दुधासाठी माझा आकडा तीन ते चार दिवसांचा आहे. परदेशी पॅकवर सात ते दहा दिवस छापलेले असले तरी आपल्या स्वयंपाकघराला मी तो आकडा लावत नाही.

पॅक बाहेर राहिल्याचा वेळही मोजावा लागतो आणि तो साचत जातो. नाश्त्याच्या टेबलावर रोज अर्धा तास राहिलेले दूध चार दिवसांत दोन तास बाहेर काढते. एकूण दोन तास ही मर्यादा धरावी, आणि खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. वीज गेली तर दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. त्याहून अधिक वेळ वीज नसेल तर उघडलेले सोया दूध आणि नारळाचे दूध टाकून द्यावे, आंबट ज्यूसबाबत मात्र तेवढी घाई नाही.

सोया दुधाबाबत एक उलट गैरसमजही दूर करतो, कारण त्यापायी चांगले दूध टाकले जाते. गरम कॉफीत ओतल्यावर ते फाटले म्हणजे नासले असे नाही. कॉफी मुळात थोडी आंबट असते, आणि उष्णता व आम्ल एकत्र आले की सोयाची प्रथिने गोळा होतात. ताज्या पॅकचेही असे होते. तळाशी बसलेला पांढरा गाळ हा बहुतेक वेळा वरून घातलेल्या कॅल्शियमचा असतो आणि तो हलवल्यावर मिसळतो. थंड दूध स्वच्छ ग्लासात ओतल्यावरच त्यात गुठळ्या दिसल्या, तर मात्र ते खरेच नासलेले आहे.

आता नारळाच्या दुधाकडे वळतो. तिन्हींत सर्वांत कमी दिवस याला मिळतात: दोन, आणि फ्रिज उत्तम असेल तर फार तर तीन. याचे पीएच सहाच्या आसपास असते हे एक कारण झाले. दुसरे कारण आपल्या हाताळणीत आहे. २०० मिलीच्या पॅकला बहुधा झाकणच नसते. आपण कोपरा कापतो, त्याच कात्रीने थोड्या वेळापूर्वी मसाल्याचे किंवा कोळंबीचे पाकीट कापलेले असते, अर्धे दूध पातेल्यात ओततो, कापलेले तोंड दुमडून रबर लावतो आणि पॅक दारात उभा करतो. हवा, ओलावा आणि शेजारच्या कापलेल्या कांद्याचा वासही आत जात राहतो. तुमच्या पॅकचे नेमके हेच झाले असावे.

उकळण्याने हे दूध पुन्हा पूर्वपदाला का येत नाही, हे नीट समजून घ्यावे. खळखळ उकळी जिवंत जंतू मारते, हे खरे. लिस्टेरियाही त्यात टिकत नाही. परंतु हातांवरून येणारा स्टॅफिलोकॉकस आणि मसाले, तांदूळ, धूळ यांतून येणारा बॅसिलस सिरियस हे दोन जंतू वाढताना पदार्थात विष सोडतात. बॅसिलस सिरियसचे उलट्या घडवणारे विष तर इतके चिवट आहे की १२१ अंशांनाही, म्हणजे प्रेशर कुकरच्या आतल्या तापमानाला, ते तासभर टिकते. जंतू मरतात आणि त्यांनी तयार केलेले विष कालवणात तसेच राहते. चांगल्या थंड फ्रिजमध्ये हे विष तयार होण्याची शक्यता थोडी असते; दारात, उन्हाळ्यात, बाहेर-आत करत राहिलेल्या पॅकमध्ये ती थोडी राहत नाही. शंभर मिली नारळाच्या दुधासाठी हा धोका पत्करावा असे मला वाटत नाही.

ओळखायचे कसे, तर आंबट किंवा साबणासारखा खवट वास, बुळबुळीत स्पर्श, राखाडी वा गुलाबी छटा ही बिघाडाची चिन्हे आहेत. वर जमलेला घट्ट पांढरा थर आणि खाली पाणी हे मात्र बिघाडाचे चिन्ह नाही. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे फ्रिजमध्ये हा थर धरणारच. दूध कोमट करून ढवळले की ते पुन्हा एकजीव होते. आणि यातले कोणतेही चिन्ह नसणे म्हणजे दूध सुरक्षित आहे असा अर्थ होत नाही, हे लिस्टेरियाच्या बाबतीत वर सांगितलेच आहे.

यापुढे पॅक उघडताना हात आणि कात्री धुवा, पॅकचा वरचा भाग ओल्या स्वच्छ कापडाने पुसा, आणि उघडल्याची तारीख पेनने पॅकवरच लिहा. स्मरणशक्तीवर ठेवलेले दिवस नेहमी एक-दोनने कमी भरतात. ग्लासात ओतून उरलेले पुन्हा पॅकमध्ये ओतू नका. झाकण नसलेल्या पॅकमधले उरलेले दूध उकळत्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढा. पॅकऐवजी पत्र्याचा डबा असेल तर हे आवर्जून करा, कारण उघड्या पत्र्याचा धातू आणि चव दुधात उतरते. पॅक उघडण्यापूर्वीच फुगलेला किंवा कोपऱ्यात ओलसर लागला, तर मुदत शिल्लक असली तरी तो उघडू नका. दुकानदाराला परत करा.

नारळाच्या दुधाबाबत मी स्वतः घरी फ्रिजवर अवलंबून राहतच नाही. कालवणापुरते दूध ओतल्यावर उरलेले त्याच वेळी बर्फाच्या ट्रेमध्ये ओततो, गोठल्यावर ते ठोकळे तारीख लिहिलेल्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवतो आणि दोन-तीन महिन्यांत वापरतो. साधारण ट्रेच्या एका खणात दोन मोठे चमचे दूध मावते, म्हणजे तुमचे उरलेले शंभर मिली तीन-चार ठोकळ्यांत बसले असते. ते वितळल्यावर फुटलेले दिसते, स्निग्धांश आणि पाणी वेगळे होतात, म्हणून सोलकढीला ते चांगले लागत नाही. कालवण, आमटी किंवा गोव्याकडच्या हुमणासाठी मात्र ठोकळे न वितळवता थेट उकळत्या रश्श्यात टाकावेत आणि दोन-तीन मिनिटे ढवळावेत. बाहेर काढून वितळलेले ठोकळे पुन्हा गोठवू नयेत.